नमुना मोठा, पसारा लहान: स्प्रेडशीटमध्ये ५०० नमुने काढून पाहताना

एकाच समष्टीतून पुन्हा पुन्हा नमुने काढायचे आणि नमुना मोठा केला की त्यांच्या सरासऱ्यांचा पसारा कसा कमी होतो ते पाहायचं, या प्रयोगाला बहुतेक जण फाशापासून सुरुवात करतात. फासा मुळातच दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणून सरासऱ्यांचा आलेख घंटेसारखा दिसला तरी त्यात नवल वाटत नाही. त्यापेक्षा एका बाजूला झुकलेली समष्टी घ्यावी. समजा, तिकीट खिडकीवर थांबावं लागणारा वेळ: बरेच जण पाच-सात मिनिटांत सुटतात, एखादा मात्र अर्धा तास अडकतो. सरासरी १० मिनिटं असलेला असा वेळ स्प्रेडशीट एका सूत्रात तयार करते:

```
=-10*LN(1-RAND())
```

`1-RAND()` मुद्दाम लिहिलं आहे. `RAND()` क्वचित का होईना, शून्य देऊ शकतं आणि शून्याचा लॉग काढता येत नाही. या समष्टीची सरासरी १० आणि प्रमाण विचलनही १०, त्यामुळे पुढचा हिशेब तोंडी होतो.

पहिली ओळ शीर्षकांसाठी सोडा. नेम बॉक्समध्ये `A2:BL501` टाइप करून एंटर दाबा, सूत्र लिहा आणि Ctrl+Enter दाबा. ५०० ओळी आणि ६४ स्तंभ एका दमात भरतात. गूगल शीट्समध्ये नवी शीट Z स्तंभावरच संपते, तेव्हा आधी BP पर्यंत ४२ स्तंभ वाढवून घ्या. आता प्रत्येक ओळ म्हणजे एक नमुना. `BN2`, `BO2` आणि `BP2` मध्ये अनुक्रमे हे लिहा आणि ५०१व्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
=AVERAGE(A2:D2)
=AVERAGE(A2:P2)
=AVERAGE(A2:BL2)
```

म्हणजे त्याच ओळीतले पहिले ४, पहिले १६ आणि सगळे ६४ आकडे. नंतर `BN503` मध्ये `=STDEV.S(BN2:BN501)` लिहून ते उजवीकडे दोन घरं ओढा. उत्तरं ५, २.५ आणि १.२५ च्या आसपास यायला हवीत, कारण १० ला नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागलं की हेच आकडे मिळतात. नेमके तेच दिसणार नाहीत. ५०० नमुन्यांत पहिला आकडा साधारण ४.६ ते ५.४ मध्ये हलतो, शेवटचा १.१७ ते १.३३ मध्ये. आकार चौपट केला तेव्हा पसारा निम्मा झाला, हे इथे पाहायचं.

असं का होतं, ते एका ओळीत दिसतं. चार आकडे २.१, ३१.४, ६.० आणि ८.५ आले, तर सरासरी १२ होते. त्या एकट्या ३१.४ ने सरासरी ५ मिनिटांहून जास्त वर ओढली आहे. तोच आकडा ६४ जणांत पडला, तर त्याचा वाटा जेमतेम ०.३३ मिनिटाचा, आणि तोही इतरांच्या कमी-जास्तीत बराचसा मुरतो.

चुका बहुधा ठरावीक जागी होतात. तिन्ही उत्तरं ५ च्या आसपास आली, तर `BN2` चं सूत्र उजवीकडे ओढलेलं असणार. ओढल्यावर ते `B2:E2`, `C2:F2` होतं, म्हणजे नमुना चारचाच राहतो. उत्तर १० च्या जवळ अडलं, तर विचलन सरासऱ्यांच्या स्तंभाचं न घेता मूळ आकड्यांचं घेतलेलं असतं. नमुना कितीही वाढवला तरी माणसामाणसांतला फरक कमी होत नाही. कमी होतं ते सरासऱ्यांचं विचलन.

सर्वांत चिवट गोंधळ मात्र ५०० या आकड्याचा. त्या ओळींच्या ५००० करून पाहाच. पसारा तिथेच राहतो, फक्त आलेख गुळगुळीत होतो आणि उत्तर कमी हलतं. नमुन्याचा आकार आडवा मोजायचा. उभी मोजणी म्हणजे नमुने किती वेळा काढले ती.

शीटमध्ये कुठेही काही लिहिलं की सगळे आकडे बदलतात. हे सुरुवातीला उपयोगीच पडतं: एक्सेलमध्ये F9 दाबत राहा आणि तीन उत्तरं कितपत हलतात ते बघा. अहवालात आकडे द्यायचे असतील तेव्हा मात्र पूर्ण पट्टा कॉपी करून फक्त मूल्यं पेस्ट करा, नाहीतर मजकुरातला आकडा आणि आलेख जुळणार नाहीत.

आलेख काढताना तिन्ही हिस्टोग्रामचा आडवा अक्ष ० ते ३० आणि गटाची रुंदी १ ठेवा. अक्ष सॉफ्टवेअरवर सोडला, तर ते प्रत्येक आलेख चौकटभर ताणतं आणि तिन्ही जवळपास सारखेच रुंद दिसतात. एकाच मापावर ठेवले की चारच्या नमुन्याचा आलेख उजवीकडे शेपूट सोडून पसरलेला दिसतो, सोळाचा थोडा सावरलेला, आणि चौसष्टचा १० भोवती उंच आणि अरुंद. बारकाईने पाहिलं, तर त्यातही उजवीकडचा किंचित कल उरलेला असतो.