सरासरी दिलीय आणि एक मार्क गायब आहे, तो कसा काढायचा

वर्कशीटवर हे गणित हमखास असतं: चार टेस्टमध्ये ७२, ८५, ७८ आणि ८१ मार्क पडलेत, पाचव्या टेस्टमध्ये किती पडले तर पाचही टेस्टची सरासरी ८० होईल? साधी सरासरी काढता येते असं धरून चालतो, म्हणजे सगळ्यांची बेरीज आणि जितक्या संख्या तितक्याने भागायचं. इथे तेच उलटं करायचंय.

आधी ८० ला ५ ने गुणा, ४०० येतात. हाती असलेल्या मार्कांची बेरीज करा, ३१६. वजा करा, ८४. झालं, उत्तर ८४.

आता इतकं सोपं असेल तर मुलं चुकतात का? चुकतात ती पहिल्याच पायरीवर, ८० ला कशाने गुणायचं तिथे. कागदावर चारच आकडे दिसतात म्हणून हात आपोआप चारने गुणतो, ३२० येतात, त्यातून ३१६ गेले की उत्तर ४. शंभरपैकी ४ मार्क पडून सरासरी ८० कशी होईल हे कोणी बघतच नाही, पुढच्या गणितावर जातात. सरासरी पाच टेस्टची मागितलीय, तर गायब असलेली टेस्टसुद्धा मोजायची, तिचे मार्क माहीत नाहीत म्हणून ती टेस्ट नाहीच असं होत नाही. मी तर आकड्यांच्या ओळीत शेवटी एक रिकामी चौकट काढायला लावतो आणि मग सगळी घरं बोट ठेवून मोजायला सांगतो, त्यानंतर ही चूक होत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे आणि शाळेत असताना मी स्वतः तिच्यात बरेच दिवस अडकलो होतो. चार टेस्टची सरासरी काढली तर ७९ येते. हवी आहे ८०. मग वाटतं की ७९ आणि कुठल्या संख्येची सरासरी ८० होते, तर ८१, म्हणून उत्तर ८१. इतकं बरोबर वाटतं की मी वाद घालायचो. पण ताळा करून बघा, ३१६ मध्ये ८१ मिळवले की ३९७, भागिले ५ म्हणजे ७९.४, ८० झालीच नाही. कारण त्या ७९ च्या मागे चार टेस्ट उभ्या आहेत आणि नवीन मार्क एकटाच आहे, दोघांना सारखं वजन देऊन चालत नाही. चारही टेस्ट सरासरीने एकेक मार्क कमी पडतायत, म्हणजे एकूण ४ मार्कांची तूट, आणि ती सगळी तूट एकट्या पाचव्या टेस्टने भरायची आहे, वर स्वतःचे ८० पण आणायचे आहेत. ८० आणि ४, ८४.

म्हणून मला ते ‘क्ष धरा आणि समीकरण मांडा’ हे पहिल्याच दिवशी सांगणं अजिबात पटत नाही. समीकरण चुकीचं नाही, पण ज्याला ४०० कुठून आले हे कळलं नाही तो क्ष मांडूनही चारनेच भागतो. आधी एकूण बेरीज डोक्यात बसू दे, क्ष नंतर आणा. आणि अंदाजाने आकडे टाकून बघत बसायला तर कोणाला शिकवूच नका, उत्तर दशांशात आलं की मूल तिथेच अडकतं.

कधीकधी वेगवेगळे मार्क न देता ‘चार टेस्टची सरासरी ७९ आहे’ एवढंच देतात, तेव्हा ७९ गुणिले ४ करून ३१६ परत मिळवायचे, पुढचं सगळं तेच. इथे मात्र चारने गुणायचं कारण ती सरासरी चारचीच आहे, म्हणजे एकाच गणितात एकदा ४ आणि एकदा ५ येतो. प्रत्येक सरासरीच्या शेजारी ती किती टेस्टची आहे ते लिहून ठेवा.

ताळा करायचा झटपट मार्ग म्हणजे प्रत्येक मार्क ८० पासून किती लांब आहे ते बघणं: ७२ आठने कमी, ८५ पाचने जास्त, ७८ दोनने कमी, ८१ एकने जास्त. सगळं मिळून चारने कमी, म्हणून गायब मार्क ८० पेक्षा चारने जास्त हवा. जुळलं.

आणि उत्तर १०० च्या वर आलं तर घाबरून खोडू नका. याच मार्कांवर सरासरी ८५ हवी म्हटली तर ४२५ वजा ३१६, म्हणजे १०९ येतात, आणि टेस्ट १०० मार्कांची असेल तर हे शक्य नाही, तसंच उत्तरात लिहायचं. पाचव्या टेस्टमध्ये पूर्ण १०० पडले तरी सरासरी ८३.२ च्या वर जात नाही, आणि शून्य पडला तर ६३.२ च्या खाली येत नाही.