पुश-अपमध्ये खांद्याचं पातं वर उचललं जायचं, ते कसं बसलं

पुश-अप करताना माझ्या उजव्या खांद्याच्या पात्याची आतली कड पाठीतून वर उठायची. मोबाइलवर मागून व्हिडिओ काढला तेव्हा ते स्पष्ट दिसलं. पात्याची ही कड बरगड्यांना चिकटवून ठेवणं आणि पातं बरगड्यांवरून पुढे सरकवणं, ही दोन्ही कामं सेरेटस अँटिरिअर हा स्नायू करतो. साध्या पुश-अपमध्ये कोपर सरळ झाले की आपण थांबतो, पण पात्याला पुढे सरकायला अजून जागा उरलेली असते. पुश-अप प्लसमध्ये तेवढाच शेवटचा टप्पा जोडायचा: कोपर सरळ ठेवून जमीन आणखी ढकलायची. छाती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वर जाते, बस्स. सेरेटसवर खरा भार इथे येतो.

सुरुवात भिंतीवर केली, मग गुडघे टेकवून. वर दोन सेकंद थांबायचं आणि पाती हळूहळू जवळ येऊ द्यायची. खाली येताना छाती एकदम सोडली तर कड पुन्हा उठते. व्हिडिओत हेच पाहायचं. खांदे कानांकडे गेले तर मानेजवळचा ट्रॅपेझिअस काम ओढून घेतो. पाठीला कुबड काढून उंची वाढवणंही फसवं, कारण मग पाती नाही, कणा हलतो.

काही आठवड्यांनी कड बसली. पण हात डोक्यावर नेताना अचानक ताकद गेली असेल आणि पातं पंखासारखं बाहेर येत असेल, तर सेरेटसला चालवणाऱ्या लाँग थोरॅसिक नसेला इजा झालेली असू शकते. तेव्हा व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.