मॉड p आयगेनव्हॅल्यू: एकच मॅट्रिक्स, ११, ७ आणि ५ वर

एम.एस्सी.ला लागेपर्यंत आयगेनव्हॅल्यू येत असतात आणि मॉड्युलोही येत असतं. पण प्रश्नात "over the field F₇" असं लिहिलेलं दिसलं की हात थबकतो. नेट किंवा जॅमची तयारी करणाऱ्या ज्युनिअर्सना मी एकच मॅट्रिक्स घेऊन बसायला सांगते. दहा मॅट्रिक्सची दहा उदाहरणं सोडवण्यापेक्षा एकाच मॅट्रिक्सला प्राइम बदलून बदलून छळलेलं बरं. ही ती मॅट्रिक्स:

```
A = [1  1]
    [1  0]
```

फिबोनाचीची मॅट्रिक्स. (आपल्याकडे छंदशास्त्रात मात्रावृत्तं मोजताना बाराव्या शतकात हेमचंद्रांनी हेच आकडे दिले होते, त्यामुळे हेमचंद्र संख्या म्हणालात तरी चालेल.) Aⁿ काढली की कोपऱ्यात n वा फिबोनाची आकडा Fₙ बसलेला दिसतो. कॅरेक्टरिस्टिक पॉलिनॉमियल x² − x − 1, ट्रेस १, डिटरमिनंट −१, डिस्क्रिमिनंट ५. इथपर्यंत सगळं पूर्णांकांत आहे, म्हणून ते बिनधास्त मॉड p घ्या. रूट्स मात्र त्यानंतर काढायचे. हा क्रम उलटवायचा नाही. आधी १.६१८ आणि −०.६१८ काढून मग "याचं मॉड ११ किती?" असं विचारणं निरर्थक आहे. दशांश अपूर्णांकाला F₁₁ मध्ये जागाच नाही. numpy चं eigvals सुद्धा दशांशातच उत्तर देतं, आत A % 11 भरून दिली तरी. ते राउंड करून उत्तर लिहू नका.

आता p = 11. सूत्र तेच: (१ ± √५)/२. फक्त √५ म्हणजे ज्याचा वर्ग मॉड ११ ला ५ येतो तो आकडा. ४ चा वर्ग १६, म्हणजे ५. झालं, √५ = ४. आणि "भागिले २" म्हणजे २ च्या इन्व्हर्सने गुणणं. २ × ६ = १२ = १, म्हणून इन्व्हर्स ६. एक रूट ५ × ६ = ३० = ८, दुसरा −३ × ६ = −१८ = ४. पडताळा लगेच घ्या: बेरीज १२ म्हणजे १, तो ट्रेस. गुणाकार ३२ म्हणजे १०, म्हणजेच −१, तो डिटरमिनंट. क्लासमध्ये ट्रेस-डिटरमिनंटवरून पर्याय उडवायची जी युक्ती शिकवतात ती इथेही शंभर टक्के चालते. शॉर्टकटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण हा एक ठेवा.

आयगेनव्हेक्टरही नेहमीसारखेच निघतात. ८ साठी (1, 7), कारण A त्याला (8, 1) करते आणि ८ पट केलं तरी (8, 56) म्हणजे (8, 1) च येतं. ४ साठी (1, 3). दोघांचा डॉट प्रॉडक्ट १ + २१ = २२, म्हणजे शून्य. सिमेट्रिक मॅट्रिक्स, आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब. सगळं ओळखीचं वाटतं, आणि तिथेच माणूस सैल पडतो.

p = 7 घ्या. शून्य सोडून वर्ग येतात ते १, २ आणि ४. ५ त्यांत नाही, म्हणून F₇ मध्ये रूटच नाही. प्रश्न "F₇ वर आयगेनव्हॅल्यू कोणत्या" असा असेल तर उत्तर "एकही नाही", आणि ते लिहायला घाबरू नका. पण प्रश्न अल्जिब्राइक क्लोजरवर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा t² = 5 असा एक नवा t जोडायचा, रिअल्समध्ये i जोडतो तसाच. फील्ड ४९ घटकांचं होतं आणि रूट्स 4 + 4t आणि 4 − 4t. बेरीज ८, म्हणजे १. गुणाकार १६ − ८० = −६४, म्हणजे ६, म्हणजे −१. आयगेनव्हॅल्यू गायब झालेल्या नाहीत, शेजारच्या मोठ्या फील्डमध्ये आहेत.

त्या खऱ्या आहेत याची खात्री कशी करायची? F₄₉ मध्ये सातवा घात घेतला की t चा −t होतो, म्हणजे एक रूट दुसऱ्यावर जातो. मग λ⁸ = λ⁷ · λ म्हणजे दोन रूट्सचा गुणाकार, −१. म्हणून A⁸ मॉड ७ ला −I यायला हवी. फिबोनाची आकडे बघा: F₈ = 21, म्हणजे ०, आणि F₉ = 34, म्हणजे ६. आली. त्यावरून फिबोनाची मॉड ७ ला दर १६ पदांनी फिरून येते, आणि हे तुम्ही कागदावर ०, १, १, २, ३, ५, १, ६, ० असं लिहीत जाऊन पाहू शकता. मॉड ११ ला हेच चक्र १० पदांचं आहे, कारण ८ ची ऑर्डर १० आणि ४ ची ५. चक्र मोजणं ही आयगेनव्हॅल्यूंची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. ती कोणी शिकवत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

आता p = 5. इथे मी अडकले होते, म्हणून जरा रेंगाळते. हा छोटा कोड चालवून बघा:

```python
for p in (11, 7, 5):
    print(p, [x for x in range(p) if (x*x - x - 1) % p == 0])
```

११ ला [4, 8] येतं, ७ ला [], आणि ५ ला [3]. एकच ३. पहिला धडा: ही यादी रूट सांगते, तो किती वेळा आहे ते सांगत नाही. त्यासाठी डेरिव्हेटिव्ह बघा: 2x − 1 मध्ये ३ घातला की ५, म्हणजे शून्य. रूट दुहेरी आहे. डिस्क्रिमिनंट ५ होता, तो मॉड ५ ला शून्य झाला, म्हणून हे व्हायचंच होतं.

आता इथे डोक्यात येणारा विचार असा: "मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे, सिमेट्रिक मॅट्रिक्स नेहमी डायगोनलायझेबल असते, दोन्ही आयगेनव्हॅल्यू ३, म्हणजे A ही 3I सारखीच." थांबा. A ही 3I नाही, समोर दिसतेय. आणि आयगेनव्हॅल्यू फक्त ३ असलेली डायगोनलायझेबल मॅट्रिक्स 3I च असू शकते. म्हणजे A डायगोनलायझेबल नाही. सिमेट्रिक असूनही नाही. रिअल्सवरची डायगोनल मॅट्रिक्स मॉड p ला आपोआप उतरते असं समजू नका, आणि "सिमेट्रिक म्हणजे डायगोनलायझेबल" हे वाक्य तर F_p च्या दारातच सोडून या.

का मोडतं ते एकदा स्वतः बघाच. A − 3I मॉड ५ ला अशी दिसते:

```
N = [3  1]
    [1  2]
```

(1, y) हा आयगेनव्हेक्टर हवा तर 3 + y = 0, म्हणजे y = 2. व्हेक्टर (1, 2), आणि त्याच्या पटीत नसलेला दुसरा एकही नाही. आता त्याचा स्वतःशीच डॉट प्रॉडक्ट घ्या: १ + ४ = ५ = ०. व्हेक्टर स्वतःलाच लंब आहे! रिअल्समध्ये स्पेक्ट्रल थिअरमचं प्रूफ आठवा. एक आयगेनव्हेक्टर घ्यायचा, त्याला लंब असलेली सबस्पेस घ्यायची, A ती जागच्या जागी ठेवते, मग तिच्यात दुसरा आयगेनव्हेक्टर सापडतो. इथे (1, 2) ला लंब असलेली सबस्पेस म्हणजे (1, 2) चीच रेषा. प्रूफ दुसरा व्हेक्टर शोधायला जातं आणि पहिल्याच्याच घरी परत येतं. वर्गांची बेरीज शून्य म्हणजे सगळे शून्य, हे रिअल्सचं वैशिष्ट्य होतं. स्पेक्ट्रल थिअरम त्याच्या जिवावर उभा होता, हे पाठ करताना कोणाच्या लक्षात येत नाही. प्रूफ "एकदा वाचून सोडून द्या" म्हणणाऱ्या सरांपासून म्हणूनच चार हात लांब राहा.

घाबरायचं मात्र कारण नाही, कारण हीच केस हिशोबाला सगळ्यात सोपी आहे. N² करून पाहा: १०, ५, ५, ५, म्हणजे मॉड ५ ला शून्य. मग A = 3I + N चा n वा घात दोन पदांतच संपतो:

Aⁿ = 3ⁿ I + n · 3ⁿ⁻¹ N

कोपऱ्यातला घटक वाचला की Fₙ ≡ n · 3ⁿ⁻¹ (मॉड ५). तपासा: n = 4 ला ४ × २७ = १०८, म्हणजे ३, आणि F₄ = 3. n = 6 ला ६ × २४३ = १४५८, म्हणजे ३, आणि F₆ = 8, तेही ३. Fₙ ला ५ ने भाग नेमका कधी जातो हे सूत्रात उघड दिसतं: n ला ५ ने भाग गेला की. चक्र? ३ ची ऑर्डर ४, समोरचा n पाचांनी फिरतो, म्हणून २०. सरळ मोजलंत तरी २० च येतं.

मग प्रत्येक वेळी डिस्क्रिमिनंट p ने भागला गेला की मॅट्रिक्स बिघडली, असं धरायचं का? नाही, आणि इथे दुसऱ्या टोकाला जाणारेही बरेच असतात. डायगोनलवर १ आणि ६ असलेली मॅट्रिक्स घ्या. डिस्क्रिमिनंट २५, मॉड ५ ला शून्य, पण मॅट्रिक्स सरळ I होते, डायगोनलच. डिस्क्रिमिनंट शून्य नसेल तर रूट वेगळे आहेत आणि मोठ्या फील्डमध्ये का होईना, मॅट्रिक्स डायगोनलाइझ होतेच. शून्य असेल तर तो फक्त इशारा, आणि A − λI ची रँक काढावीच लागते. कोणी "फक्त डिस्क्रिमिनंट बघ, पुरे" म्हणालं तर त्याला ही १ आणि ६ वाली दाखवा.

p = 2 ला वरचं सूत्र वापरूच नका, २ ला इन्व्हर्सच नाही. x² + x + 1 मध्ये ० आणि १ घालून बघा, दोन्हीला १ येतो. F₂ मध्ये रूट नाही, चार घटकांच्या F₄ या फील्डमध्ये आहेत, आणि त्यांचा घन १ असतो. फिबोनाचीत सम-विषमाचं चक्र म्हणूनच तीनाचं आहे.

३×३ ला गेलात की एक जागा जपा. ट्रेसवरून कोइफिशंट काढायची जी फादीव-लव्हेरिए पद्धत आहे, तिच्यात क्रमाने १, २, ३ ने भागावं लागतं. p = 3 असेल तर तिसऱ्या पायरीला शून्याने भागायची वेळ येते. अशा वेळी मॉड न घेता पूर्णांकांतच करा, तिथे भागाकार नि:शेष जातो, आणि अगदी शेवटी मॉड ३ घ्या. पॉलिनॉमियल हातात आल्यावर ०, १, २ घालून बघा. क्युबिकचा एकही रूट निघाला नाही तर ते इरिड्युसिबल, हे खात्रीने लिहा. ४×४ ला तसं लिहू नका: x⁴ + x² + 1 ला F₂ मध्ये रूट नाही, पण ते x² + x + 1 चा वर्ग आहे.