खाऊच्या पाकिटावरचा मॅस्कॉट : या चुका टाळा

मॅस्कॉट मंजूर होतो लॅपटॉपच्या पडद्यावर, आणि विकला जातो किराणा दुकानाच्या दारात, लडीवर लटकलेल्या पाच रुपयांच्या पाकिटावर. पडद्यावर तो वीतभर असतो, पाकिटावर जेमतेम पाच सेंटीमीटर. समजा, मक्याच्या रिंगा आहेत, पोरं बोटांत घालून खातात तशा. उत्पादकाने पहिलं चित्र आणलं आहे ते एका मुलाचं : उलटी टोपी, गॉगल, पाठीवर लाल झूल, एका हाताचा अंगठा वर, दुसऱ्या हातात पाकीट. चित्रात खोट काढायला जागा नाही. पण आठवड्याने मुलांना विचारलं की उत्तर येतं, ‘तो टोपीवाला’, आणि नाव सांगतात शेजारच्या लडीवरच्या ब्रँडचं.

कारण उघड आहे. टोपीवाला मुलगा दर दुसऱ्या पाकिटावर आहे. चित्र पूर्ण काळं भरून बघा : रंग, डोळे, कपडे सगळं गेल्यावर उरलेल्या बाह्याकृतीत ‘हा आपलाच’ असं सांगणारं काही आहे का? या मुलात नाही. टोपी, गॉगल, झूल यांची भर घालून आकृती वेगळी होत नाही, फक्त गजबजते. एकच मोठी विसंगती हवी आणि ती मालाशी जोडलेली हवी. आपल्या उदाहरणात मुंगूस घेऊ. शेपूट सरळ उभी आणि तिच्यात ओवलेल्या पाच रिंगा. आता काळ्या आकृतीतही रिंगा दिसतात. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेल्या गट्टूच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश होता, त्यामागची युक्ती हीच. पात्र आठवलं की माल आठवलाच पाहिजे, मधे दुसरी पायरी नको.

छपाईत चेहरा बिघडतो

बारा सेंटीमीटर रुंद पाकिटात नायट्रोजन भरला की ते फुगतं आणि कडा मागे वळतात. समोरून नऊ-साडेनऊ सेंटीमीटरच दिसतात. वरचा भाग सीलमध्ये जातो, आणि लडीवर वरच्या पाकिटाचं बूड खालच्याच्या कपाळावर येतं. म्हणून शेपूट कडेपर्यंत ताणू नका आणि चेहरा वरच्या तिसऱ्या भागात ठेवू नका. सपाट कागदावर मारलेला प्रिंट इथे कामाचा नाही. कागदाचं डमी पाकीट करा, कापूस भरा, दोन मीटरवर टांगा आणि मग बघा.

दुसरी गडबड ग्रॅव्हर छपाईत होते. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, फिल्म वेगाने धावत असते, ताण थोडा इकडेतिकडे झाला की रंग मिलिमीटरच्या अंशाने सरकतात. दोन रंग नुसते एकमेकांना टेकवले असतील तर मधे पांढरी फट दिसते, आणि पाच सेंटीमीटरच्या मुंगसात ती नेमकी ओठाशी आली तर हसरा चेहरा कुत्सित दिसतो. बाह्यरेषा एकाच गडद सिलिंडरची आणि किमान 0.4 मिलिमीटर ठेवा, बाकी रंग तिच्याखाली थोडे सरकू द्या. मिश्यांचे केस, पापण्या, बुबुळातले तीन-तीन ठिपके काढून टाका.

डोळ्यांचा पांढरा रंग हा स्वतंत्र विषय आहे. चंदेरी मेटलाइज्ड फिल्म असेल आणि पांढऱ्या शाईचा थर पातळ असेल, तर खालची चांदी वर येते आणि डोळे राखाडी पडतात. पडद्यावर खट्याळ असलेलं मुंगूस दुकानात आजारी दिसतं. छापखान्याला पांढऱ्याचा दाट थर, जमल्यास दोन सिलिंडर मागा आणि मंजुरी फिल्मचे थर चिकटवून तयार झालेल्या लॅमिनेटवरच द्या.

चव बदलली की पाकिटाचा रंग बदलतो, हेही लक्षात राहत नाही. तपकिरी मुंगूस हिरव्या पाकिटावर उठून दिसतं, मसाल्याच्या तांबूस पाकिटावर विरघळतं. मग कोणीतरी त्या चवीपुरतं मुंगूस निळं करतं. तसं करू नका. मागे कायमचा एकच फिका गोल ठेवा, म्हणजे पाकीट कुठल्याही रंगाचं असलं तरी मुंगूस त्याच रंगाचं राहतं.

पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे

अंगठा वर करून हसणारं पात्र काही करत नाही, त्यामुळे मुलांना त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. अमेरिकेतल्या ट्रिक्स या नाश्त्याच्या सिरियलचा ससा 1959 पासून त्याच एका वाडग्याच्या मागे आहे आणि मुलं त्याला तो मिळू देत नाहीत. एवढ्या एका ओढीवर जाहिराती चालत आल्या. आपलं मुंगूस रिंगा नंतरसाठी शेपटीत साठवतं आणि मागून कोणीतरी त्या खात जातं. ही गंमत पाकिटाच्या मागच्या बाजूला तीन चौकटींत बसते, सहा सेकंदांच्या व्हिडिओतही बसते. दर वेळी मागचा चोर बदला, चोरी बदलू नका.

आठवण तपासताना बहुतेकजण ‘हे आवडलं का?’ विचारतात. मुलं सगळ्यालाच हो म्हणतात. त्यापेक्षा पालकांच्या परवानगीने सहा ते दहा वयाची पंचवीस-तीस मुलं घ्या, इतर चार पाकिटांमध्ये आपलं पाकीट दहा सेकंद दाखवा आणि सात दिवसांनी कोरा कागद द्या. रिंगांची शेपूट निम्म्याहून अधिक कागदांवर आली तर आकृती पक्की. मग नाव झाकून चित्र दाखवा आणि कोणाचं ते विचारा. चित्र बरोबर पण नाव दुसऱ्याचं, असं होत असेल तर चित्रात हात घालू नका, नावाशी असलेली गाठ सैल आहे. अमेरिकेत ड्युरासेल आणि एनर्जायझर या दोन्ही बॅटरी ब्रँडचं पात्र ससाच, तिथे हाच घोळ झाला. अशा वेळी नाव आणि मुंगूस यांच्यात अंतर ठेवू नका. नावाचं एखादं अक्षर शेपटीत अडकवता आलं तर उत्तम.

दर दिवाळीला नवा अवतार

नवा मार्केटिंग मॅनेजर आला की मॅस्कॉट ‘ताजा’ करायची हौस येते. बदल होणारच, पण काय बदलायचं ते आधी ठरवा. केलॉग्जचा टोनी वाघ 1952 मध्ये चार पायांवर चालत होता, पुढे दोन पायांवर उभा राहिला, अंगाने भरला. पट्टे आणि गळ्यातला लाल रुमाल मात्र राहिला. एका पानावर दोन रकाने करा. कायमचं : उभी शेपूट, पाच रिंगा, तपकिरी रंग, नाव. सैल : कपडे, रेषेची शैली, थ्रीडी की सपाट. पहिल्या रकान्यातलं बदलायचं तर मालकाची सही हवी.

कागदपत्रं

चित्रकाराला पैसे दिले म्हणजे चित्र कायमचं आपलं झालं, असा समज असतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे मुंगूस लोकांच्या ओळखीचं होतं त्याच सुमारास हक्क संपू शकतो, आणि दुबईला माल पाठवताना वेगळीच अडचण. मुदत, प्रदेश आणि पुढचे सगळे वापर करारात लिहून घ्या. ट्रेडमार्कला मक्याचा खाऊ वर्ग 30 मध्ये येतो, बटाट्याच्या चिप्स वर्ग 29 मध्ये. चिप्स पुढे आणायच्या असतील तर अर्ज दोन्ही वर्गांत करा.

आणि पाकिटातला माल कसा आहे तेही बघा. चिलीत 2016 पासून मीठ, साखर, चरबी जास्त असल्याचा काळा इशारा असलेल्या पाकिटांवर मुलांना ओढणारी पात्रं चालत नाहीत. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, 2020 च्या नियमांनुसार असा खाऊ शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या 50 मीटरमध्ये विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. शाळेच्या फाटकासमोर मुंगसाचा फलक लावायचा बेत असेल तर आधी मिठाचा आकडा तपासा.