केमोच्या गोळ्या सुरू होण्याआधी: हातपाय आणि चेहऱ्याची तयारी

आत्याच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या येत्या सोमवारी सुरू होतायत. या केमोच्या गोळ्यांनी तळहात आणि तळपाय दुखू शकतात, फोड येऊ शकतात. तिच्या सुनेनं विचारलं, काय काय आणून ठेवू? आईच्या वेळी मी सगळं आणून ठेवलं होतं आणि तरीही माती खाल्ली, म्हणून ही यादी जरा रागानंच लिहितेय.

सगळ्यात आधी एक फोन नंबर. क्रीम नंतर, मोजे नंतर. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की ओपीडीतून हलू नका. दोन प्रश्न विचारा: हातपाय कितपत दुखले की गोळी थांबवायची, आणि तसं शनिवारी रात्री झालं तर फोन कुणाला करायचा? उत्तर मार्करनं गोळ्यांच्या खोक्यावर लिहा. फाइलमध्ये नको, फाइल कपाटात जाते.

आईला सकाळी तीन आणि रात्री तीन गोळ्या होत्या, चौदा दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सुट्टी. पहिली सायकल निभावली. दुसऱ्या सायकलच्या नवव्या दिवशी तळहातांना मुंग्या आल्या. अकराव्या दिवशी भाकरी थापताना तिनं हात मागे घेतला, म्हणाली, भाजल्यासारखं होतंय. मी काय केलं? "आता तीनच दिवस राहिले, कोर्स पूर्ण करू" म्हणाले आणि गोळ्या देत राहिले. चौदाव्या दिवशी टाचेला फोड आले, ती संडासपर्यंत भिंत धरून जायला लागली. पुढची सायकल दोन आठवडे लांबली आणि डोसही कमी करावा लागला. अकराव्या दिवशी फोन केला असता तर डॉक्टरांनी बहुधा गोळ्या तिथेच थांबवायला सांगितल्या असत्या. या गोळ्या अँटिबायोटिकसारख्या नाहीत. त्रासामुळे सुटलेले डोस नंतर भरून काढायचे नसतात आणि मधे थांबल्यानं उपचार वाया जात नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून ओळख नीट करून घ्या. मुंग्या, बधिरपणा, न दुखणारी सूज, तळवा ताणल्यासारखा वाटणं ही पहिली पायरी. गोळ्या सहसा चालू राहतात, पण डे-केअरच्या सिस्टरला त्याच दिवशी कळवा. दुखायला लागलं, शर्टाचं बटण लावताना, पेला धरताना, चालताना त्रास व्हायला लागला की दुसरी पायरी. इथे पुढची गोळी तोंडात टाकण्याआधी फोन. फोड, सोललेली कातडी, जखम म्हणजे तिसरी, आणि तिथपर्यंत पोचलात तर फोन उशिरा केलात. आणि लाली शोधत बसू नका. पुस्तकात "तळहात लाल होतात" असं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. आईचे तळवे काळपट आणि चकचकीत झाले होते, रेघा काळ्या पडल्या होत्या, आणि मी लालीची वाट बघत होते. रोज रात्री विचारा: आज काय धरताना दुखलं?

आता सामान. दहा टक्के युरिया असलेलं क्रीम, पहिल्या गोळीपासून, दिवसातून दोन-तीनदा, न चोळता. काही दिसायच्या आधीपासून लावायचं. चीर पडल्यावर ते झोंबतं, मग पेशंट लावूच देत नाही. रात्री क्रीमवर सुती मोजे. दुसरं, डॉक्टरांना डायक्लोफिनॅक जेलबद्दल विचारा, तेच ते गुडघ्याला लावायचं, एक टक्क्याचं. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात कॅपेसिटाबिन घेणाऱ्या 264 जणांपैकी निम्म्यांनी हे जेल दिवसातून दोनदा हातांना लावलं आणि निम्म्यांनी साधं जेल. दुसऱ्या पायरीचा किंवा त्याहून जास्त त्रास साध्या जेलवाल्यांत शंभरात पंधरा जणांना झाला, औषधी जेलवाल्यांत चारेक जणांना. 2024 साली हे छापून आलं. फुटलेल्या कातडीवर मात्र लावू नका, आणि वेदनाशामकाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. बी-सिक्सच्या गोळ्यांनी फायदा होत नाही, त्यात पैसे घालू नका. फॉलिक ॲसिड असलेलं टॉनिक घरात चालू असेल तर तेही दाखवा, त्यानं या औषधाचा त्रास वाढू शकतो.

न्हाणीघरातली वज्री आजच फेकून द्या. टाच घासायची नाही म्हणजे नाही. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवणं, कढत पाण्यानं भांडी, कणीक मळणं, फरशीचं फडकं पिळणं, नवी कोल्हापुरी, लांब फेऱ्या: सगळं बंद. उष्णता आणि घासणं या दोन गोष्टींनी त्रास वाढतो, बाकी तुम्हीच ओळखा. दुखलं की गार पाण्याची पट्टी, बर्फ थेट कातडीवर नाही. फोड फोडू नका. आणि नंबर लिहिला का खोक्यावर?

घरात कुणाला फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी एर्लोटिनिब किंवा जेफिटिनिबसारखी टार्गेटेड गोळी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या एक-दोन आठवड्यांत नाक, गाल, डोक्याची कातडी, छाती, पाठीवर पुरळ येतं. मुरमांसारखंच दिसतं, पण मुरमं नव्हेत: काळं डोकं नसतं, खाज आणि आग असते, आणि सत्तरीच्या माणसाला येतं. शेजारीण कांजिण्या म्हणेल, मेडिकलवाला मुरमांचं क्रीम देईल. ते लावू नका. मुरमांची औषधं कातडी सुकवतात आणि इथे कातडी आधीच कोरडी पडलेली असते. मेडिकलमधली तीन औषधं एकत्र असलेली स्टिरॉइडची ट्यूबही स्वतःच्या मनानं नको. गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना विचारा की डॉक्सिसायक्लिन पहिल्या दिवसापासून द्यायची का. बरेच जण सहा ते आठ आठवडे देतात, सोबत सौम्य हायड्रोकॉर्टिझोन आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हात छत्री, सनस्क्रीन.

इथे घोळ उलटा होतो. चेहरा बघून घरचे घाबरतात आणि गोळी आपणच बंद करतात. ही गोळी स्वतःहून बंद करू नका, पुरळाला बहुतेक वेळा औषधानं आवर बसतो. पण पिवळी खपली, पू, ताप, डोळे लाल होणं, तोंडात फोड यापैकी काही दिसलं तर लगेच फोन. हो, तोच नंबर.

बाकी पटापट. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात, एर्लोटिनिब रिकाम्या पोटी. जुलाब सुरू झाले तरी फोन. आठवड्यातून एकदा हातापायांचा फोटो, दिवसाउजेडी. उरलेल्या गोळ्या मोजून ओपीडीत न्या. आणि बँकेची किंवा रेशनची अंगठ्याची कामं सोमवारच्या आत उरका, आईच्या बोटांचे ठसे पुसट झाले होते आणि मशीन तीन महिने तिला ओळखत नव्हतं.