रेकॉर्डिंगमधली शिट्टी नेमकी कुठली? स्पेक्ट्रोग्राम वाचताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात एका आज्जींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. भिंतीपलीकडे माग चालू होता. घरी येऊन हेडफोन लावला तर आवाजाखाली एक बारीक शिट्टी सतत वाजत होती आणि मधूनच दोन-तीन सेकंद ‘टर्रर्र’ असा खरखराट येत होता. शिट्टी पंख्याची आणि खरखराट मागाचा, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. दोन्ही अंदाज चुकले. ते कसे चुकले हे सांगतो, कारण याच चुका बहुतेकांकडून होतात.

फाइलमध्ये नसलेला आवाज फाइलमध्ये शोधणं

पहिल्यांदा ती फाइल मोबाईलवर टाकून वेगळ्या हेडफोनवर ऐका. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ऐकताना येणारी शिट्टी पुष्कळदा फक्त त्या जॅकमधली असते, रेकॉर्डिंग स्वच्छ असतं. पाठवताना मूळ WAV पाठवा. व्हॉइस नोट करून पाठवलेल्या फाइलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात आणि पुरावाच नाहीसा होतो. माझी शिट्टी मोबाईलवरही ऐकू आली, म्हणजे ती फाइलमध्येच होती.

सेटिंग न बघता चित्र वाचणं

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या मेनूतून `Spectrogram` निवडलं की आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी आणि रंगात जोर असं चित्र दिसतं. `Scale` बहुधा `Mel` वर असतो. गाणं बघायला तो ठीक आहे, पण त्यात वरच्या रेघा एकमेकींना चिकटतात. आवाजाचा उगम शोधायचा तर तो `Linear` करा. समान अंतरावरच्या रेघा समान अंतरावरच दिसल्या पाहिजेत, कारण सगळा शोध त्या अंतरावरच उभा असतो.

मग `Window size`, म्हणजे एका वेळी किती सॅम्पल्स एकत्र मोजायचे ते. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सेकंदाला ४८,००० सॅम्पल्सच्या रेकॉर्डिंगला २०४८ ची विंडो लावली तर फ्रिक्वेन्सीतला बारकावा सुमारे २३ हर्ट्झ मिळतो. ८१९२ केली तर तो ६ हर्ट्झच्या आत येतो, पण तेव्हा चित्रातला प्रत्येक उभा पट्टा १७० मिलिसेकंदांची सरासरी असतो. १२८ केली तर वेळ ३ मिलिसेकंदांपर्यंत बारीक दिसतो आणि फ्रिक्वेन्सी पार फासटून जाते. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. म्हणून तोच तुकडा मोठ्या आणि लहान अशा दोन्ही विंडोंतून बघायचा.

एकच रेघ मोजून थांबणं

आज्जी दम घ्यायला थांबल्या होत्या तो शांत तुकडा घेऊन मी ८१९२ लावली. १००० हर्ट्झवर आडवी रेघ होती. पहिल्या दिवशी मी तेवढीच पाहिली आणि इक्वलायझरने कापली. शिट्टी थोडी कमी झाली, आज्जींचा आवाज मात्र पोकळ झाला. दुसऱ्या दिवशी वर नजर गेली तर २०००, ३०००, ४००० वरही फिकट रेघा होत्या. शिडीच होती ती.

शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर हीच उगमाची खूण असते. ५० किंवा १०० हर्ट्झचं अंतर असेल तर घरची वीज. बरोबर १००० असेल तर पहिला संशय यूएसबीवर घ्यायचा, कारण यूएसबीच्या जुन्या, फुल-स्पीड पद्धतीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम सुरू होते. हाय-स्पीडमध्ये ती वाटणी १२५ मायक्रोसेकंदांची असते, त्यामुळे ८००० लाही रेघ सापडू शकते. पंखा यातून सुटतो. व्होल्टेज खाली-वर झालं की पंख्याची गती बदलते आणि त्याची रेघ लहरते. ही रेघ वीस मिनिटं पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

आवाज हवेतून आला की तारेतून, हे न तपासणं

चित्र संशयित दाखवतं, खात्री हातानेच करावी लागते. मी सगळा सेटअप पुन्हा मांडला: कॉलर माइक, भिंतीच्या सॉकेटवर चालणारा छोटा मिक्सर, तिथून यूएसबी इंटरफेस, मग लॅपटॉप. मिक्सरवरचा माइकचा गेन पूर्ण खाली केला. खोलीचा आवाज गेला, १००० ची शिडी तशीच राहिली. म्हणजे ती माइकमधून येत नव्हती, मिक्सरच्या पुढे कुठेतरी शिरत होती. मग लॅपटॉपचा चार्जर काढला. शिडी गेली. परत लावला, परत आली.

मिक्सर आणि चार्जर, दोघांनाही तीन पिनांचा प्लग होता. दोघांच्या अर्थिंगमधून आणि मधल्या ऑडिओ केबलमधून एक वेढा पूर्ण होत होता, त्यातून लॅपटॉपचा यूएसबी-गोंगाट सिग्नलमध्ये मिसळत होता. उपाय म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर चालवणं, किंवा मिक्सर आणि इंटरफेसच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणं. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला असते.

थांबून-थांबून येणाऱ्या आवाजाला चुकीच्या विंडोतून बघणं

आता खरखराट. माग स्पेक्ट्रोग्रामवर ओळखायला सोपा असतो: प्रत्येक फटक्याला खालपासून वरपर्यंत एक रुंद उभा पट्टा. मी मोजले तेव्हा १० सेकंदांत २४ पट्टे आले, म्हणजे मिनिटाला १४४ फटके. ते रेकॉर्डिंगभर होते. पण खरखराट त्यांच्या तालात नव्हता. तो अचानक सुरू व्हायचा आणि अचानक तुटायचा.

८१९२ मध्ये त्या तुकड्यात दाट आडवी शिडी दिसली. आज्जींच्या गळ्याची असेल असं वाटलं, कारण बाईच्या आवाजाच्या पायऱ्याही साधारण तेवढ्याच अंतरावर पडतात. पण गळ्याच्या रेघा ओवीबरोबर चढतात-उतरतात, या मात्र ताठ होत्या. एका पायरीचं अंतर अचूक मोजता येत नाही, म्हणून दहावी पायरी मोजली. ती साधारण २१७० वर होती. भागिले दहा, २१७.

मग १२८ ची विंडो लावली. शिडी गेली आणि तिथेच दाट उभ्या रेघा उभ्या राहिल्या, दर ४.६ मिलिसेकंदाला एक. सेकंदाला २१७ ठोके म्हणजेच २१७ हर्ट्झची शिडी. आवाज एकच, विंडो बदलली की रूप बदलतं. २१७ हा आकडा टूजी मोबाईलचा आहे. तो फोन टॉवरशी बोलताना सेकंदाला सुमारे २१७ वेळा छोटे रेडिओ ठोके सोडतो आणि कॉलर माइकची पातळ वायर ते उचलते. फोरजीवरच्या फोनमध्ये ही नेमकी खूण दिसत नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा आज्जींना विचारलं, “आज्जी, मोबाईल कुठं असतोय तुमचा?” त्यांनी कमरेची पिशवी दाखवली. आत बटनांचा छोटा फोन, आणि माइकची वायर बरोबर त्याच्यावरून खाली येत होती.

“बाहेर ठेवू का जरा?”

“ठेव की. पण वाजला तर सांग बाबा, पुण्यावरनं लेकाचा येतोय.”

फोन ओसरीवर नातीकडे दिला आणि लॅपटॉप बॅटरीवर घेतला. चाळीस मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही शिड्या नाहीत. मागाचे पट्टे आहेत, ते मी ठेवले. जुन्या फाइलमधली शिट्टी, ठरावीक फ्रिक्वेन्सीच कापणारा अरुंद नॉच फिल्टर प्रत्येक पायरीवर लावून बऱ्यापैकी काढता आली. खरखराट मात्र निघाला नाही, कारण त्याच्या पायऱ्या आज्जींच्या सुरांवरच बसल्या होत्या. त्या तीन ओव्या पुन्हा म्हणवून घ्याव्या लागल्या.