संग्राहक नलिकेतील दोन पेशी आणि एक रिपोर्ट: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी

इंदुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेले काही मराठी विद्यार्थी माझ्याकडे शरीरक्रियाशास्त्र समजून घ्यायला येतात आणि मूत्रपिंडाच्या प्रकरणात बहुतेक जण संग्राहक नलिकेपाशी अडतात. प्रिन्सिपल पेशींची एक यादी आणि इंटरकॅलेटेड पेशींची दुसरी यादी त्यांना तोंडपाठ असते. मात्र पोटॅशियम आणि आम्ल यांचे बिघाड एकत्र का येतात, असे विचारले की त्या याद्यांचा उपयोग होत नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, याद्या बाजूला ठेवाव्यात आणि नलिकेच्या पोकळीतील विद्युतभारापासून सुरुवात करावी.

प्रिन्सिपल पेशी पोकळीतील सोडियम आपल्या सोडियम-वाहिनीतून आत घेते आणि रक्ताच्या बाजूचा पंप ते रक्तात टाकतो. क्लोराइड त्याच वेगाने मागोमाग जात नाही, म्हणून पोकळी ऋणभारित होते. हा ऋणभार दोन धनभारित आयनांना पोकळीत येण्यास मदत करतो: त्याच प्रिन्सिपल पेशीतून बाहेर पडणारे पोटॅशियम आणि शेजारच्या अल्फा-इंटरकॅलेटेड पेशीचा पंप बाहेर ढकलत असलेला हायड्रोजन. अल्डोस्टेरॉन सोडियम-वाहिन्या वाढवते, त्यामुळे ऋणभार वाढतो आणि दोन्ही आयन अधिक बाहेर पडतात. पाण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. व्हॅसोप्रेसिन आले की प्रिन्सिपल पेशीच्या पोकळीकडील पडद्यावर ॲक्वापोरिन-२ च्या जलवाहिन्या बसतात आणि पाणी परत शोषले जाते. ते नसेल तर लघवी पातळच राहते.

अल्फा पेशीचे काम किती अवघड आहे, हे आकड्यांतून कळते. रक्ताचा पीएच ७.४ असताना ती लघवीचा पीएच सुमारे ४.५ पर्यंत नेऊ शकते, म्हणजे हायड्रोजनची संहती सुमारे ८०० पट होते. तरीही इतक्या आम्लधर्मी लघवीत मोकळा हायड्रोजन प्रति लिटर फक्त ०.०३ मिलिमोल असतो, आणि शरीराला रोज प्रति किलो वजनामागे सुमारे १ मिलिमोल आम्ल टाकायचे असते. म्हणून बहुतांश आम्ल अमोनियम आणि फॉस्फेट यांच्या रूपाने बाहेर जाते. पोकळीत टाकलेल्या प्रत्येक हायड्रोजनमागे एक बायकार्बोनेट रक्तात परत जाते, हेही लक्षात असू द्यावे.

आता मी शिकवताना घेतो ते रचलेले उदाहरण पाहू. एका तरुण स्त्रीला हातापायांत अशक्तपणा आहे. रक्तात सोडियम १४०, पोटॅशियम २.१, क्लोराइड ११६, बायकार्बोनेट १३ आणि पीएच ७.२७ आहे. ॲनायन गॅप १४० − ११६ − १३ म्हणजे ११, म्हणजेच तो वाढलेला नाही. लघवीचा पीएच ६.८ आहे; रक्तात एवढे आम्ल असताना तो ५.५ च्या खाली असायला हवा होता. परंतु येथेच निदान ठरवू नये. जुलाबांतही असेच रक्तचित्र दिसू शकते आणि पोटॅशियम फार काळ कमी राहिले की अमोनिया वाढून लघवीचा पीएच वर जाऊ शकतो. म्हणून लघवीतील आयन पाहावेत: सोडियम ४०, पोटॅशियम ३५, क्लोराइड ५०. लघवीचा गॅप Na⁺ + K⁺ − Cl⁻, म्हणजे +२५. अमोनियम भरपूर असते तर ते क्लोराइडसोबत बाहेर आले असते आणि हा आकडा ऋण आला असता. तो धन आहे, म्हणजे अमोनियम कमी जात आहे. शिवाय लघवीत सोडियम पुरेसे आहे, त्यामुळे नलिकेला सोडियमच मिळाले नाही म्हणून आम्ल बाहेर पडले नाही, असेही म्हणता येत नाही. म्हणजे दोष अल्फा पेशीत आहे: ही डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस.

पोटॅशियम कमी का झाले? प्रिन्सिपल पेशी सोडियम आत घेतच आहे, पोकळी ऋणभारित आहे, पण हायड्रोजन येत नाही. तेव्हा त्या भाराची भरपाई पोटॅशियमला करावी लागते. याउलट अमिलोराइड किंवा ट्रायमेथोप्रिमने सोडियम-वाहिनीच बंद केली तर ऋणभार कमी होतो, पोटॅशियम आणि हायड्रोजन दोन्ही अडकतात, आणि ॲसिडोसिससोबत पोटॅशियम वाढलेले दिसते. बिघाड कोणत्या पेशीत आहे, याचा पहिला अंदाज मी नेहमी पोटॅशियमवरून घ्यायला सांगतो.

या रुग्णात उपचारांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी पोटॅशियम भरून काढावे, मग अल्कली द्यावी, कारण बायकार्बोनेट आधी दिले तर पोटॅशियम पेशींत शिरते आणि २.१ वरून आणखी खाली येऊन श्वसनाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. लघवीचा पीएच ताज्या नमुन्यावरच मोजावा. युरिया फोडणाऱ्या जंतूंचा संसर्ग असेल किंवा नमुना बराच वेळ उघडा पडून राहिला असेल, तर तो आकडा पेशीबद्दल काहीच सांगत नाही.